दुसऱ्या खात्याकडून मागवलेली माहिती दरवेळी चुकीची येते : एमएसएमई बिलं, गेट एन्ट्री आणि ४५ दिवसांचा घोळ

लक्षण ओळखीचं आहे. मार्च उजाडला की अकाउंट्समधून स्टोअरला आणि परचेसला मेल जातो, दोन दिवसांनी फाइल येते, ती उघडल्यावर कळतं की हवं होतं ते यात नाही. मग फोन, दुसरी फाइल, त्यात भलतंच काहीतरी, मग तिसरी. शेवटी वैतागून आपणच रात्री बसून जोडाजोड करतो आणि मनात म्हणतो, "यांना साधी माहिती देता येत नाही." मीही तीन वर्षं हेच म्हणत होतो. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, अकाउंट्समध्ये आम्ही पाच जण. चूक देणाऱ्यांची कमी आणि मागणाऱ्याची, म्हणजे माझी, जास्त होती हे कळायला एक बिल अंगावर यावं लागलं.

आधी विषय काय तो सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम आलं आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ मधल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पैसे ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो. मुदत अशी : लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारात ठरलेले दिवस, पण काही झालं तरी ४५ च्या पुढे नाही. पीओवर 'साठ दिवस' छापलेलं असलं तरी इथे ४५च. बाकीच्या ४३बी मधल्या बाबींना रिटर्न भरेपर्यंत पैसे दिले तरी चालतं, ती सवलत याला नाही.

तर मार्च २०२४ मध्ये मी पाठवलेला मेल हा असा होता :

"सर्व संबंधित, एमएसएमई व्हेंडरची व त्यांच्या जानेवारीपासूनच्या बिलांची माहिती एक्सेलमध्ये लवकरात लवकर पाठवावी. अर्जंट."

हा मेल वाचून कुणाला काहीच खटकणार नाही. खरी अडचण तीच आहे. यातल्या प्रत्येक शब्दाचे दोन-तीन अर्थ होतात आणि वाचणाऱ्याने त्याच्या कामातला अर्थ घेतला.

परचेसने २१४ व्हेंडरची यादी दिली, शेवटच्या रकान्यात 'Yes' किंवा 'No'. स्टोअरने जीआरएन रजिस्टर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावत्यांची नोंद, दिलं, आधी पीडीएफमध्ये आणि बोंब मारल्यावर सीएसव्हीमध्ये. दोघांनीही मागितलं ते दिलं होतं. तरी त्यातून जी पेमेंटची यादी मी काढली ती चुकली आणि ते ऑगस्टमध्ये टॅक्स ऑडिटच्या वेळी बाहेर आलं.

बिघाड पहिला : तारीख कुठली?

एक बिल घ्या. माल गेटवर आला ८ फेब्रुवारी २०२४ ला. क्वालिटीवाल्यांनी १३ ला पास केला. जीआरएन सिस्टीममध्ये पडली १७ ला, कारण मधे स्टोअरचा माणूस रजेवर होता. व्हेंडरशी ४५ दिवसांचा करार. मी जीआरएनची तारीख धरली, तिथून ४५ दिवस म्हणजे २ एप्रिल. यादीत ते बिल '२ एप्रिलपर्यंत चालेल' या गटात गेलं आणि आम्ही पैसे २ एप्रिललाच सोडले. वेळेत दिले असं समजून मी निर्धास्त.

कायद्यात मुदत मोजायची ती माल 'स्वीकारल्याच्या' दिवसापासून, आणि स्वीकार म्हणजे मालाची प्रत्यक्ष डिलिव्हरी. आपण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तरच ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मोजतात. इथे कुणी काही लिहून कळवलं नव्हतं. म्हणजे घड्याळ ८ फेब्रुवारीलाच सुरू झालं आणि २४ मार्चला मुदत संपली. २ एप्रिलचे पैसे उशिराचे ठरले, ३१ मार्चला ते बिल बाकी होतं, खर्च २०२३-२४ मधून उडाला. क्वालिटीने कधी पास केलं, सिस्टीममध्ये कधी टाकलं, ही आपली अंतर्गत भानगड आहे, व्हेंडरचा तिच्याशी संबंध नाही.

आता गंमत बघा. ऑडिटनंतर मी स्टोअरमध्ये चहाला गेलो आणि तिथल्या काकांना हे सगळं सांगितलं. ते पंचवीस वर्षं त्या खुर्चीत आहेत. ऐकून म्हणाले, "अहो साहेब, मग तुम्हाला जीआरएन कशाला हवी होती? गेटवरचं इनवर्ड रजिस्टर मागायचं. ते सिक्युरिटीकडे असतं, पण आम्ही रोज त्याचा नंबर जीआरएनवर चढवतो. तुम्ही कशासाठी मागताय ते बोलला असतात तर त्याच दिवशी दिलं असतं."

मेलमध्ये हेतू लिहायचा तो याच कारणासाठी. मी आजवर 'सदर माहिती वैधानिक पूर्ततेसाठी आवश्यक आहे' असं एक वाक्य ठोकून द्यायचो. त्यातून समोरच्याला काडीचा उपयोग नाही. 'माल आमच्या आवारात कोणत्या दिवशी आला तिथून ४५ दिवस मोजायचे आहेत' एवढं लिहिलं असतं तर काकांनीच माझी मागणी दुरुस्त केली असती. कुठली नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये खरी असते हे त्या खात्यातल्या माणसाला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. आपण रकान्याचं नाव सांगतो, ते रकाना देतात. आपण काय मोजणार ते सांगितलं, तर रकाना चुकीचा असेल तेव्हा ते टोकतात.

बिघाड दुसरा : 'Yes' म्हणजे काय?

परचेसच्या यादीतल्या 'Yes' चा अर्थ होता 'व्हेंडरने उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला, दिलेलं आहे'. मला हवा होता 'हे बिल ४३बी(एच) मध्ये येतं का'. दोन्ही एक नाहीत. सर्टिफिकेट मध्यम उद्योगालाही मिळतं आणि मध्यमला हा नियम लागत नाही. व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते, पण २ जुलै २०२१ च्या कार्यालयीन आदेशाप्रमाणे ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जासाठी, उशिरा पेमेंटच्या तरतुदींसाठी नाही. आमच्याकडे बोल्ट, ग्रीस, हातमोजे देणारे बरेच जण निव्वळ ट्रेडर आहेत. त्यांची बिलं मी धावपळ करून मुदतीत भरली आणि ज्या टर्निंगवाल्याचं आधी भरायला हवं होतं त्याचं मागे राहिलं.

म्हणून 'हो की नाही' मागायचं नाही, ज्यावरून हो-नाही ठरतं ते मागायचं. सर्टिफिकेटवरचा नंबर, प्रकार, व्यवसायाचं स्वरूप, नोंदणीची तारीख. ठरवायचं काम आपलं. परचेसच्या मुलाने ते का ठरवावं? त्याला कलम १५ माहीत असायची गरज नाही आणि त्याने अंदाजाने ठरवलं तर सही आपली जाते.

यातच रिकाम्या चौकटीचा एक उपद्रव असतो. उद्यम नंबरचा रकाना साठ-सत्तर ठिकाणी कोरा होता. कोरा म्हणजे व्हेंडरकडे नोंदणी नाही, की त्याला अजून विचारलंच नाही? मी पहिला अर्थ घेतला, खरा होता दुसरा. आता मागणीतच लिहितो : विचारून 'नाही' असं उत्तर आलं असेल तर `NIL`, विचारलं पण उत्तर नाही तर `PENDING`, कोरं काही ठेवायचं नाही. सरकारी कचेरीत 'निरंक' लिहून द्यायची पद्धत आहे तिला आपण हसतो, पण ती याच दुखण्यावरची मात्रा आहे.

बिघाड तिसरा : फाइल उघडताना बदललेल्या तारखा

हा सर्वांत चोरटा. स्टोअरच्या सिस्टीममधून सीएसव्ही निघते ती दिवस-महिना-वर्ष अशी. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकन होती, म्हणजे महिना आधी. सीएसव्ही डबल क्लिकने उघडली की एक्सेल विचारत नाही, आपल्या मनाने तारखा ओळखतं.

काय होतं ते नीट पाहा. १३ किंवा त्यापुढचा दिवस असेल तर तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल ती तारीख मानत नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवतं. ती डाव्या बाजूला चिकटलेली दिसतात. ४ ते १२ मधला दिवस असेल तर उलटून एप्रिल ते डिसेंबर होतो. ८ फेब्रुवारीचं २ ऑगस्ट. मार्चमध्ये बसून ऑगस्टची आवक दिसली की आपण थबकतो. पण १, २, ३ या तारखा उलटल्या तरी जानेवारी ते मार्चमध्येच पडतात. २ जानेवारीचं १ फेब्रुवारी झालं तर कोण ओळखणार? मुदत मात्र सरळ तीस दिवसांनी पुढे गेली.

त्यामुळे रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर फक्त डावीकडच्या नीट करून भागत नाही, उजवीकडच्या सगळ्याच संशयित आहेत. फाइल बंद करायची, सेव्ह न करता, आणि मूळ सीएसव्ही परत घ्यायची. `Data → From Text/CSV` ने उघडून तारखेच्या रकान्यांचा प्रकार आधी टेक्स्ट ठेवायचा, मग `Text to Columns` मध्ये `Date: DMY` निवडायचं. एकदा उलटलेली तारीख या युक्तीने परत येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची.

सगळ्यात सोपं म्हणजे मागतानाच सांगणं : तारीख `2025-02-08` अशी, वर्ष आधी. हा क्रम एक्सेल उलटवत नाही. सिस्टीममधून तसं निघत नसेल तर सीएसव्ही नको, थेट `.xlsx` द्या.

व्हेंडर कोडचंही असंच. आमचे कोड `00421` असे आहेत. सीएसव्हीत ते `421` होतात आणि परचेसच्या यादीशी जुळवायला गेलं की अर्धा रकाना `#N/A`. कोड टेक्स्ट म्हणून हवा, पाच आकडी, हे लिहूनच द्यायचं.

एक ओळ म्हणजे काय

हे मी कधीच सांगत नव्हतो, आणि बहुतेक कुणीच सांगत नाही. स्टोअरने दिलेल्या रजिस्टरमध्ये एक ओळ म्हणजे एका जीआरएनमधला एक आयटम होता. सहा आयटमचं बिल सहा ओळींत, प्रत्येकीसमोर बिलाची पूर्ण रक्कम. बेरीज मारली की आकडा फुगलेला. उलट बाजूने, एकाच बिलाचा माल दोन गाड्यांतून दोन दिवसांनी आला तर बिलाप्रमाणे एक ओळ मागितल्यावर दुसऱ्या गाडीची तारीख हरवते. मला हवी होती 'एका बिलाची एका गेट एन्ट्रीला एक ओळ'. हे वाक्य मागणीत असलं की स्टोअरवाला स्वतःच विचारतो, "दोन गाड्या असतील तर रक्कम वाटून देऊ का?" हो, वाटूनच द्या.

मार्च २०२५ ला पाठवलेली मागणी

पुढच्या वर्षी ३ मार्चला, सोमवारी, दोन वेगळे मेल पाठवले. एकच मेल दोन खात्यांना पाठवला की दोघांनाही वाटतं दुसरा देईल. स्टोअरचा मेल जवळपास जसाच्या तसा देतो :

"नमस्कार काका, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची जी बिलं ३१ मार्चच्या आत भरलीच पाहिजेत ती शोधायची आहेत. माल आमच्या गेटमधून आत आला त्या दिवसापासून १५ किंवा ४५ दिवस मोजणार आहे. खाली मागितलेल्या तारखांपैकी यासाठी कुठली चुकीची वाटत असेल तर आधी फोन करा.

१ जानेवारी ते १६ मार्च २०२५ दरम्यान गेटवर आलेला सगळा खरेदीचा माल हवा. सगळ्या व्हेंडरचा द्या, एमएसएमई कोण ते मी गाळून घेईन. एका बिलाची एका गेट एन्ट्रीला एक ओळ. परत पाठवलेला माल गाळू नका, शेवटच्या रकान्यात तसं लिहा. फाइल `.xlsx`, एकच शीट, पहिल्या ओळीत हीच नावं, मर्ज केलेली चौकट नको, खाली बेरजेची ओळ नको. ओळी किती आणि एकूण रक्कम किती ते मेलमध्ये लिहा.

नमुन्याच्या चार-पाच ओळी गुरुवार, ६ मार्चपर्यंत. पूर्ण फाइल मंगळवार, १८ मार्च, संध्याकाळी ५ पर्यंत. ३० ला रविवार आणि पाडवा, ३१ ला ईद, म्हणून पैसे शुक्रवारी २८ लाच सोडायचे आहेत. मधे मला जुळवायला आणि सह्यांना आठवडा लागतो."

सोबत रकाने :

```
VendorCode,InvNo,InvDate,InvAmt,GateNo,GateInDate,ObjDate,ObjClearDate,GRNNo,Remark
00421,A/1187,2025-02-06,84960,G-3312,2025-02-08,NIL,NIL,GR-2290,
```

`ObjDate` म्हणजे व्हेंडरला लेखी हरकत कळवल्याची तारीख. तोंडी सांगितलं, फोनवर झापलं, ते धरायचं नाही. परचेसकडे वेगळे रकाने गेले : `VendorCode`, `UdyamNo`, `Category`, `Activity`, `UdyamRegDate`, `TermsDays`, आणि करार लेखी असेल तर त्याची तारीख.

१ जानेवारी आणि १६ मार्च हे मनाला आले म्हणून घेतलेले नाहीत. १६ मार्चला आलेल्या मालाचे १५ दिवस ३१ मार्चला भरतात, त्यानंतर आलेल्या कुठल्याच बिलाची मुदत या वर्षात संपत नाही. जानेवारीच्या आधीचा माल आम्ही डिसेंबरअखेरच्या यादीत तपासलेला होता. कालखंड का तोच हे सांगितल्यामुळे स्टोअरने '३१ मार्चपर्यंतचं एकदम देतो' म्हणत वाट पाहिली नाही. ३१ ला त्यांची स्टॉक मोजणी असते, त्या आठवड्यात तिथे कुणी फोनही उचलत नाही. 'अर्जंट' लिहिण्यापेक्षा त्यांचं कॅलेंडर बघून तारीख मागणं कामाला येतं.

नमुन्याच्या ओळींचा फायदा लगेच झाला. ६ मार्चला आलेल्या पाच ओळींत एकीला `GateInDate` कोरी होती. काकांचं उत्तर : तो माल जॉबवर्कचा, आमच्याच गाडीने आणलेला, त्यामुळे इनवर्डच्या वेगळ्या वहीत चढतो. ही वही आहे हेच मला माहीत नव्हतं. १८ तारखेला कळलं असतं तर हातात काहीच नव्हतं.

फाइल आली की आधी हे तपासा

पिव्होट करायच्या आधी दहा मिनिटं. ओळींची संख्या आणि रक्कम मेलमधल्या आकड्याशी जुळते का. तारखेचे रकाने खरोखर तारखा आहेत का. परचेसच्या फाइलमध्ये उद्यम नंबर पूर्ण आहे का, तो `UDYAM-MH-26-0000000` या साच्यात १९ अक्षरांचा असतो. जुन्या उद्योग आधारचा नंबर कुणी चिकटवला असेल तर इथेच सापडतो.

```
=ISNUMBER(F2)
=AND(F2>=DATE(2025,1,1),F2<=DATE(2025,3,16))
=AND(LEN(B2)=19,LEFT(B2,6)="UDYAM-")
```

मग आपल्या लेजरमधली त्याच काळातली खरेदीची बिलं घेऊन उलटं शोधायचं : आमच्याकडे बुक झालेलं पण स्टोअरच्या फाइलमध्ये नसलेलं बिल. आलेल्या फाइलमध्ये जे नाही ते त्या फाइलकडे बघून कधीच दिसत नाही.

चूक सापडली तर ती स्वतः दुरुस्त करायचा मोह होतो. मी करत नाही. चुकलेल्या दोन-तीन ओळी पिवळ्या करून परत पाठवतो आणि काय चुकलं ते एका वाक्यात लिहितो. माझ्या शीटमध्ये मी दुरुस्त केलं तर स्टोअरच्या सिस्टीममध्ये चूक तशीच राहते, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या सहामाहीचा एमएसएमई फॉर्म १, ज्याची मुदत ३० एप्रिल, त्याच्यासाठी सेक्रेटरियलवाले तीच जुनी तारीख उचलतात. मग एकाच बिलाच्या दोन तारखा दोन सरकारी कागदांवर.

जिथे हे चालत नाही

सेवांची बिलं. सिक्युरिटी, कॅन्टीन, कॉम्प्रेसरची दुरुस्ती यांना गेट एन्ट्री नसते. तिथे मुदत सेवा दिल्याच्या दिवसापासून, आणि तो दिवस कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही. दुरुस्तीला मेंटेनन्सचा सर्व्हिस रिपोर्ट चालतो, त्यावर तारीख आणि सही असते. महिन्याच्या बिलांना महिन्याचा शेवटचा दिवस धरतो आणि तसं लिहून ठेवतो. कॅन्टीनवाल्याचं बिल मात्र तो स्वतःच दोन महिन्यांनी आणून देतो. त्याला आता दर महिन्याच्या ३० तारखेला मीच फोन करतो.